दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले तर : बाळंतिणीसाठी व घरच्यांसाठी मार्गदर्शक

बाळंतपणाला पंधरा-सोळा दिवस झालेले असतात, अंगावरून जाणे फिकट होत होत जवळजवळ थांबलेले असते, आणि मग एके संध्याकाळी बाळंतीण न्हाणीघरातून येऊन सांगते की पुन्हा लालभडक जाऊ लागले आहे. अशा वेळी घरात बहुधा दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, "पाळी आली असेल गं." दुसरे, "साठलेलं खराब रक्त आहे, जाऊ दे, मोकळं झालेलं बरं." दोन्ही वाक्ये मायेने आणि अनुभवाच्या आधाराने उच्चारलेली असतात आणि दोन्ही चुकीची असतात. प्रसूती विभागात पोहोचायला उशीर झालेल्या बाळंतिणींच्या हकिकतीत यांपैकी एक वाक्य हमखास निघते, म्हणून या लेखाची सुरुवात त्यांच्यापासूनच केली आहे.

आधी पाळीबद्दल. बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची पाळी बहुधा काही महिने येत नाही, आणि न पाजणाऱ्या स्त्रीचीही ती साधारणपणे पाच-सहा आठवड्यांच्या आधी येत नाही. त्यामुळे पंधराव्या किंवा विसाव्या दिवशीच्या लाल रक्ताला पाळी समजणे हा हिशेबच जुळत नाही. 'साठलेले खराब रक्त' असेही काही नसते. गर्भपिशवीतून बाहेर येणारे ताजे लाल रक्त हे अंगात फिरणारेच रक्त असते, आणि ते गेल्याने शरीर मोकळे होत नाही, अशक्त होते.

वारेचा तुकडा राहिला तर रक्त इतक्या उशिरा का जाते

बाळ जन्मल्यानंतर वार सुटते, तेव्हा गर्भपिशवीच्या आतील भिंतीवर जवळजवळ तळहाताएवढी उघडी जागा मागे राहते. तिथे वारेला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांची तोंडे असतात. ती बंद करण्याचे मुख्य काम पिशवीचे स्नायू करतात. हे स्नायू एकमेकांत जाळीसारखे विणलेले असतात आणि पिशवी आवळली की त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या दाबल्या जातात. त्यानंतर तोंडांवर गुठळ्या बसतात, खपली धरते आणि पुढच्या सहा आठवड्यांत खालून नवे अस्तर येऊन ती जागा भरून निघते.

वारेचा किंवा पडद्याचा तुकडा आत चिकटून राहिला, तर त्या ठिकाणी पिशवी नीट आवळली जात नाही. पहिल्या काही दिवसांत गुठळ्या आणि सूज यांच्या आधाराने रक्त थोपून राहते, त्यामुळे बाळंतीण ठरल्या दिवशी घरी जाते आणि कोणालाच काही शंका येत नाही. नंतर तो तुकडा आतल्या आत कुजू लागतो किंवा अर्धवट सुटतो, त्याच्याभोवतीची खपली निघते, कधी जंतुसंसर्गही होतो, आणि मग रक्तवाहिन्यांची तोंडे पुन्हा उघडी पडतात. बाळंतपणानंतर चोवीस तास उलटल्यावर होणारा असा जादा रक्तस्राव बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतो, तो याच कारणाने.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. उशिराच्या प्रत्येक रक्तस्रावामागे तुकडाच असतो असे नाही. पिशवीला आतून जंतुसंसर्ग झाला किंवा वारेची जागा अपेक्षेप्रमाणे आकसली नाही, तरीही हेच चित्र दिसते, आणि क्वचित एखाद्या रक्तवाहिनीचा दोष किंवा रक्त न गोठण्याचा आजारही निघतो. यांपैकी काय आहे हे घरी बसून ओळखता येत नाही आणि ओळखण्याची गरजही नाही. घरी ठरवायचे ते एवढेच, की रुग्णालयात जायचे का, आणि किती घाईने.

पायरी पहिली : नेहमीचा क्रम माहीत करून घ्यावा

पहिले तीन-चार दिवस स्राव लाल आणि भरपूर असतो, त्यात लहान गुठळ्याही असतात. त्यानंतर दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत तो गुलाबी किंवा तपकिरी आणि पातळ होतो, आणि पुढे पिवळट-पांढरा होऊन चार ते सहा आठवड्यांत थांबतो. कोणाचा दोन दिवस आधी, कोणाचा चार दिवस नंतर, असे मागेपुढे होतच असते. ध्यानात ठेवायची गोष्ट प्रमाणापेक्षा दिशा ही आहे: रंग लालकडून फिकटाकडे जातो आणि मात्रा कमी होत जाते. ही दिशा उलटली, म्हणजे फिकट झालेला स्राव पुन्हा लाल झाला आणि लालच राहिला, तर ती पहिली खूण समजावी.

या क्रमात काही निरुपद्रवी अपवाद आहेत. रात्रभर झोपल्यावर योनीमार्गात साठलेला स्राव सकाळी उठताच एकदम खाली येतो. बाळाला पाजताना पिशवी आवळली जाते, तेव्हा पोटात कळ येऊन थोडे जास्त जाते. जिना चढउतार केली किंवा पाण्याची बादली उचलली, तर त्या दिवशी गुलाबी रंग परत दिसू शकतो. शिवाय साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान वारेच्या जागेवरची खपली निघते, तेव्हा तास-दोन तास लाल रक्त जाऊन आपोआप थांबू शकते. या सर्वांत समान गोष्ट ही, की पडून राहिल्यावर स्राव ओसरतो. दोन तास स्वस्थ पडूनही ओसरला नाही, तर त्याला अपवादात बसवू नये.

पायरी दुसरी : अंदाजावर न राहता मोजावे

"खूप जातंय" आणि "थोडंच जातंय" या शब्दांवर डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही, कारण एकीचे 'खूप' हे दुसरीचे 'थोडे' असते. म्हणून लाल रक्त परत दिसले की एका कागदावर वेळा लिहायला घ्याव्यात: पॅड किती वाजता लावले, किती वाजता बदलले, आणि ते पूर्ण भिजले होते की अर्धे. अनेक घरांत बाळंतिणीला जुन्या सुती साडीचे कापड दिले जाते. एरवी त्यात गैर काही नाही, ते स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले असावे एवढेच. पण रक्त परत सुरू झाल्यावर मात्र एकाच प्रकारचे तयार पॅड वापरावे, कारण चार घड्यांच्या कापडात किती रक्त मुरले ते कळत नाही.

घरात स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल, तर आणखी नेमके मोजता येते. कोरे पॅड एकदा वजन करून लिहून ठेवावे. भिजलेले पॅड पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वजन करावे आणि त्यातून कोऱ्या पॅडचे वजन वजा करावे. एक ग्रॅम म्हणजे अंदाजे एक मिलिलिटर रक्त. कोरे पॅड १२ ग्रॅमचे आणि भिजलेले ८२ ग्रॅमचे भरले, तर सुमारे ७० मिलिलिटर रक्त गेले. हे करण्यासाठी घरातून निघायला मात्र उशीर करू नये. वजन करणे हे कमी-अधिक अशा संशयाच्या वेळेसाठी आहे, धार लागलेल्या वेळेसाठी नाही.

रक्ताबरोबर काही घट्ट बाहेर पडले, तर ते तसेच वाहून जाऊ देऊ नये. गुठळी गडद लाल, जेलीसारखी असते आणि हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून दोन बोटांत दाबली की विरघळल्यासारखी फुटते. वारेचा किंवा पडद्याचा तुकडा करडा किंवा पांढुरका, मांसल किंवा तंतुमय असतो आणि दाबून फुटत नाही. असे काही दिसल्यास स्वच्छ, झाकणाच्या डबीत घालून सोबत न्यावे. त्यात पाणी, मीठ, डेटॉल काहीही घालू नये. तुकडा पडला म्हणजे प्रश्न मिटला असेही समजू नये, कारण पडला तो अर्धाच असू शकतो.

पायरी तिसरी : नाडी आणि ताप पाहावा

तरुण, एरवी निरोगी स्त्रीचे शरीर रक्त कमी झाल्याचे बराच काळ झाकून ठेवते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जलद चालते आणि रक्तदाब बराच वेळ ठीक दिसत राहतो. तो घसरतो तेव्हा पुष्कळ रक्त आधीच गेलेले असते. त्यामुळे शेजारच्या दवाखान्यात "बीपी नॉर्मल आहे" असे ऐकून निर्धास्त होऊ नये. नाडी आधी वाढते. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. पाच-दहा मिनिटे स्वस्थ पडून राहिल्यानंतरही ते १०० च्या वर असतील आणि लाल रक्त जात असेल, तर ती गंभीर खूण आहे. ज्या बाळंतिणीचे हिमोग्लोबिन मुळातच नऊ-दहा आहे, तिला तेवढेच रक्त जाणे अधिक महागात पडते, हेही हिशेबात धरावे.

ताप थर्मामीटर लावूनच पाहावा, कपाळावर हात ठेवून नाही. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, थंडी वाजणे, ओटीपोटात सतत दुखणे आणि स्रावाला कुजका वास येणे या जंतुसंसर्गाच्या खुणा आहेत. बाळंतपणानंतरच्या स्रावाला पाळीसारखा वास असतोच. घाण वास म्हणजे पॅड बदलताना नाक फिरवावे लागेल असा वास, आणि तो आला की बाळंतिणीला स्वतःलाच कळतो. शेक-शेगडीमुळे आणि बंद खोलीमुळे अंग गरम लागते असे म्हणून ताप नजरेआड करण्याची चूक मी वारंवार पाहिली आहे. शेगडीजवळून उठून अर्धा तास मोकळ्या हवेत बसावे आणि मग पारा पाहावा.

आणखी एक खूण आहे, पण ती शोधण्यासाठी धडपडू नये. दहा ते चौदा दिवसांनी पिशवी ओटीपोटाच्या हाडामागे गेलेली असते आणि वरून हाताला लागत नाही. तरीही तिथे दुखरा गोळा लागत असेल, तर पिशवी पुरेशी आकसलेली नाही असा संशय घ्यावा. सिझेरियन झालेल्या स्त्रीने हे दाबून पाहू नये. सिझेरियनमध्ये डॉक्टर पिशवी आतून पाहू शकत असल्यामुळे तुकडा राहण्याची शक्यता कमी असते, परंतु ती शून्य नसते. त्यामुळे "माझं तर ऑपरेशन झालंय" एवढ्यावर रक्तस्राव दुर्लक्षू नये.

पायरी चौथी : केव्हा निघायचे

लगेच, म्हणजे त्याच क्षणी निघायचे ते या परिस्थितीत: तासाभरात एक मोठे पॅड पूर्ण भिजले, लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या पडल्या, रक्त पायावरून ओघळू लागले, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून थंड घाम, छातीत धडधड किंवा धाप लागली, किंवा रक्तस्रावासोबत थंडी वाजून ताप आला. अनेक ठिकाणी "सलग दोन तास, तासाला एक पॅड" असा निकष दिलेला आढळतो. रुग्णालय दहा मिनिटांवर असलेल्या शहरासाठी तो ठीक आहे. ज्या घरातून सोनोग्राफी आणि रक्त मिळेल असे रुग्णालय तास-दीड तासावर आहे, त्यांनी पहिल्याच पॅडनंतर निघावे असे माझे मत आहे, कारण दुसरे पॅड वाटेत भिजणारच असते.

त्याच दिवशी, दिवसाउजेडी दाखवायचे ते असे: फिकट झालेला स्राव पुन्हा लाल होऊन दोन-तीन तासांनंतरही चालू आहे, प्रमाण थोडे असले तरी, स्रावाला घाण वास आहे, ताप आहे, ओटीपोट दुखते आहे, किंवा मांसल तुकडा पडला आहे. या गटातील बाळंतिणीच बहुतेक वेळा घरी थांबतात, कारण त्या चालत्या-फिरत्या असतात. मात्र याच टप्प्यावर आलेल्या बाळंतिणीचे उपचार सोपे असतात.

ज्या बाळंतिणीच्या बाबतीत वार उशिरा पडली, हात घालून काढावी लागली, तुकड्या-तुकड्यांत आली किंवा तपासल्यावर अपुरी वाटली, तसेच आधीच्या बाळंतपणात हाच त्रास झाला होता, तिने दुसऱ्या गटातील कोणतीही खूण दिसली तरी सकाळची वाट पाहू नये. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, तरीही तुकडा राहण्याची शक्यता अधिक असते. दूध अपेक्षेप्रमाणे उतरत नाही ही तक्रारही कधीकधी वारेचा भाग आत राहिल्याचे लक्षण असते. त्या एकाच खुणेवरून काही ठरत नाही. पण लाल रक्तासोबत ती असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावी.

आशाताई बाळाला पाहायला जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. यांतील चौदावा आणि एकविसावा दिवस नेमका आपल्या विषयाच्या काळात पडतो. बाळाचे वजन करून त्या उठण्याआधी स्रावाचा रंग त्यांना आवर्जून सांगावा. सासरे किंवा दीर समोर बसलेले असताना बाळंतीण हे बोलत नाही, म्हणून आईने किंवा सासूबाईंनी दोघींना आतल्या खोलीत बसवावे.

पायरी पाचवी : निघताना

महाराष्ट्रात १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. गरोदर माता, बाळंतीण आणि नवजात बाळ यांच्यासाठी १०२ ही सेवाही आहे. फोनवर "बाळंतपणाला इतके दिवस झाले, अंगावरून लाल जात आहे, तासात इतके पॅड" असे एका वाक्यात सांगावे. जाण्याचे ठिकाण निवडताना जवळचा दवाखाना हा एकमेव निकष ठेवू नये. तिथे सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तीन गोष्टी आत्ता, या वेळी आहेत का, हे फोन करून विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तिन्ही नसतात. तिथे शिरेतून सलाइन लावून पुढे पाठवतात, आणि प्रकृती खालावत असेल तर तेवढेही मोलाचे असते. उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा स्त्री रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय किंवा ज्या खासगी रुग्णालयात बाळंतपण झाले ते, यांपैकी जे सज्ज असेल तिथे जावे. सरकारी रुग्णालयात २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतिणीची तपासणी, औषधे, रक्त आणि वाहन विनामूल्य आहे, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी बाळंतिणीने लघवी करून घ्यावी, कारण भरलेले मूत्राशय पिशवीला नीट आवळू देत नाही. वाहनात आडवे झोपावे. ती शुद्धीवर आणि स्थिर असेल, तर बाळाला पाजण्यास हरकत नाही. त्याने पिशवी थोडी आवळली जाते. जेवण, डिंकाचा लाडू, दूध किंवा चहा देऊ नये, कारण भूल देऊन पिशवी साफ करावी लागण्याची शक्यता असते. तहान लागल्यास पाण्याचे घोट घ्यावेत आणि शेवटचे काय, किती वाजता खाल्ले ते लिहून ठेवावे. पोटावर शेक, चोळणे, पट्टा आवळून बांधणे हे सर्व थांबवावे. टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप आत घालू नये, कारण त्याने रक्त अडते, थांबत नाही, आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. घरात कोणासाठी तरी आणलेली रक्त थांबवण्याची गोळी आपल्या मनाने देणे विशेष धोक्याचे आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत गुठळी होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते, आणि गोळीने रक्त तात्पुरते कमी झाले तर तुकडा मात्र आतच राहतो.

सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, पॅडच्या वेळांचा कागद, असल्यास ती डबी आणि भिजलेली शेवटची दोन पॅड न्यावीत. डिस्चार्ज कार्डावरील वारेबद्दलची ओळ डॉक्टर सर्वांत आधी शोधतात. बाळाला आणि त्याला सांभाळणाऱ्या एका बाईमाणसाला बरोबर घ्यावे. सव्वा महिना पुरा होण्याआधी बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये असा संकेत काही घरांत अजून पाळला जातो. तो विश्रांतीसाठी आहे, आणि रुग्णालयातील खाटेवरही विश्रांतीच मिळते.

रुग्णालयात काय होते

नाडी, रक्तदाब, ताप आणि पोट पाहून योनीमार्गाची तपासणी होते, त्यात टाक्यांतून किंवा गर्भाशयाच्या मुखातून रक्त येत नाही ना, तेही पाहतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, रक्तगट आणि रक्त जुळवण्यासाठी नमुना घेतला जातो. मग सोनोग्राफी होते. तिच्याकडून जेवढ्या खात्रीची अपेक्षा केली जाते तेवढी ती देऊ शकत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात निरोगी पिशवीतही थोड्या गुठळ्या दिसू शकतात, आणि गुठळी कोणती व तुकडा कोणता हे नुसत्या सावलीवरून सांगणे कठीण असते. डॉप्लरवर त्या सावलीत रक्तप्रवाह दिसला, तर तुकडा असण्याची शक्यता वाढते. दिसला नाही म्हणून ती संपत नाही. त्यामुळे एका डॉक्टरांनी "थांबून पाहू" आणि दुसऱ्यांनी "साफ करू" असे सांगितल्यास त्यांपैकी एक अज्ञानी आहे असे समजू नये. निर्णय सोनोग्राफीच्या कागदावर नसतो. किती रक्त जाते आहे, ताप आहे का आणि बाळंतीण कशी आहे, यांवर तो असतो.

रक्त कमी जात असेल आणि पिशवीत मोठे काही दिसत नसेल, तर पिशवी आवळणारी औषधे आणि प्रतिजैविके देऊन निरीक्षण केले जाते. रक्तदाबाचा त्रास झालेला असल्यास तो आठवणीने सांगावा, कारण मिथाइलअर्गोमेट्रिन हे पिशवी आवळणारे औषध अशा स्त्रीला देत नाहीत. तुकडा स्पष्ट असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर भूल देऊन पिशवी साफ करावी लागते. बोलीभाषेत याला क्युरेटिंग म्हणतात. बाळंतपणानंतरची पिशवी मऊ असते, त्यामुळे हत्यार भिंतीतून आरपार जाण्याचा धोका एरवीपेक्षा अधिक असतो, आणि जास्त खरवडल्यास अस्तराला इजा होऊन पुढे भिंती एकमेकींना चिकटू शकतात. म्हणून सोनोग्राफीच्या नजरेखाली, खरवडण्याऐवजी हवेच्या दाबाने ओढून घेण्याची पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते; बाळंतीण स्थिर असेल आणि सोय असेल, तर दुर्बिणीतून पाहून नेमका तेवढा तुकडा काढता येतो. सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: सोनोग्राफी लावून करणार का, आणि निघालेला भाग तपासणीला पाठवणार का.

एका बाळंतिणीचे सतरा दिवस

पुढील हकिकत एकाच स्त्रीची नाही. अशा अनेक कागदांवरून जुळवलेली आहे. पहिले बाळंतपण, नैसर्गिक. वार वेळेत न पडल्याने हाताने काढावी लागली, आणि तशी नोंद कार्डावर होती. पण घरी ती कोणी वाचली नव्हती. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना हिमोग्लोबिन ९.८. अकराव्या दिवशी स्राव पिवळट झाला. पंधराव्या दिवशी संध्याकाळी लाल डाग दिसले, आई म्हणाली, "आज जरा जास्त उठबस केलीस ना, त्याचंच ते." रात्री एक पॅड भिजले. सोळाव्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार पॅड, अंग कोमट, पारा ९९.६. मालिशवाल्या बाईंनी पोट चोळून दिले. सतराव्या दिवशी पहाटे पाचला लिंबाएवढ्या दोन गुठळ्या पडल्या आणि पुढच्या दोन तासांत दोन पॅड पूर्ण भिजली. सातला निघाले, पस्तीस किलोमीटर अंतर, साडेआठला पोहोचले. नाडी ११८, रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ७.४. सोनोग्राफीत सुमारे तीन सेंटिमीटरची सावली, आत रक्तप्रवाह. प्रतिजैविके सुरू झाली, रक्त चढवायला घेतले, आणि दुपारी सोनोग्राफीखाली पिशवी साफ केली. तिसऱ्या दिवशी ती घरी गेली.

इथे निर्णयाची वेळ सतराव्या दिवसाची पहाट नव्हती. वार हाताने काढलेली, फिकट झालेला स्राव पुन्हा लाल, आणि रात्री एक पूर्ण पॅड: पंधराव्या दिवशी रात्रीच निघण्याइतके कारण झाले होते. सोळाव्या दिवशी सकाळी ती चालत ओपीडीत आली असती, तरी बहुधा रक्त चढवावे लागले नसते. रक्तदाबाचा आकडाही पाहण्यासारखा आहे. ११०/७० वाचून कोणाला काहीच वावगे वाटले नसते, नाडीने मात्र खरे सांगितले होते.

घरी परतल्यावर

पिशवी साफ केल्यानंतर एक-दोन आठवडे हलका, कमी होत जाणारा स्राव चालू राहतो. तो पुन्हा लाल होऊन वाढला, ताप आला किंवा पोट दुखू लागले, तर वर सांगितलेले सर्व नियम पहिल्यापासून लागू होतात, कारण क्वचित दुसऱ्यांदाही काही भाग राहतो. प्रतिजैविकांचा कोर्स बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नये. भुलीतून पूर्ण जागे झाल्यावर बाळाला पाजता येते. दिलेली औषधे पाजताना चालतील का, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्या चहाबरोबर घेतल्यास लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास चांगले लागते.

तपासणीला पाठवलेल्या भागाचा अहवाल काही दिवसांनी येतो, आणि तो आणायला फार थोडे लोक परत जातात. तो आणावा. त्यात वारेचा भाग होता की नाही हे लेखी मिळते आणि क्वचित आढळणारा वारेच्या पेशींचा आजारही त्यातूनच कळतो. अंगावरचे दूध सुटल्यानंतर पाळी आलीच नाही किंवा पूर्वीपेक्षा अगदीच कमी जाऊ लागली, तर पिशवीच्या भिंती चिकटल्या नाहीत ना, हे दाखवून घ्यावे. पुढच्या खेपेला पहिल्याच नोंदणीत हा अहवाल आणि आधीचे डिस्चार्ज कार्ड समोर ठेवावे, म्हणजे वारेची जागा सोनोग्राफीत नीट पाहिली जाईल आणि बाळंतपण कुठे करायचे ते आधीच ठरवता येईल.